वाटणीसर

भोरमध्ये जमिनीच्या वाटणीवरून भांडणं नवी नाहीत, पण दोषाची वाटणी करणारा माणूस आमच्याकडे एकच होता. कुठलंही शोकान्त नाटक बघून बाहेर पडलं की सर चहाच्या टपरीवर निवाड्याला बसत. मेला त्यात मरणाऱ्याचा वाटा किती, परिस्थितीचा किती? कॉलेजात ते मराठी शिकवायचे आणि गावभर त्यांना वाटणीसर म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

‘नियती’ हा शब्द त्यांना सोसायचा नाही. कुणी तो उच्चारला की विचारायचे, “त्या घटकेला त्याला दुसरं काही करता आलं असतं का? नसेल, तर तो अपघात. पेपरात छापा, रंगमंचावर कशाला आणता? आणि अगदी सहज करता आलं असतं, तर तो मूर्ख. शोकांतिका या दोन्हींच्या मधे असते. करता येत होतं, पण त्या माणसाला ते जड होतं.” हे ऐकताना चहा गार व्हायचा. पैसे मात्र तेच द्यायचे, म्हणून आम्ही शेवटपर्यंत ऐकायचो.

पालीच्या जत्रेसाठी त्यांनी एक नाटक लिहिलं. त्यात एक मेंढपाळ असतो. अलीकडचा चारा संपलेला, नदीला पाणी चढलेलं, आणि उशीर केला तर पलीकडचं रान दुसऱ्यांचे कळप चरून टाकणार. नदी ओलांडू का, म्हणून तो देवाला कौल लावतो. मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडतं. मग मेंढपाळ आपला प्रश्नच बदलतो. आज नको तर उद्या जाऊ का? उद्या नको तर पोराला मदतीला घेऊन जाऊ का? अखेर उजवं फूल पडतं, तो निघतो आणि नदी पोराला नेते.

मेंढपाळ मी होतो. प्रश्न बदलायच्या वेळी मागे ढग गडगडावा, अशी आमच्या साऊंडवाल्याची फार इच्छा. सरांनी त्याला फैलावर घेतलं. “ढग वाजला की लोक याला माफ करतात. त्याचं ठरू दे, मग वाजव.” मला म्हणाले, “प्रश्न बदलण्याआधी पोराकडे एकदा बघ. तुला कळलंय, हे लोकांना दिसलं पाहिजे. पूर काढून टाकला तर नाटक उरत नाही, आणि तुझा हट्ट काढला तरी उरत नाही. पूर नदीचा, प्रश्न तुझा.”

प्रयोगानंतर पुढारी मंडळी डोळे पुसत “दैवाचा खेळ” म्हणाली आणि सरांचं तोंड उतरलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी चिडून म्हणाली, “देवानं तर सांगितलं व्हतं की. ह्यानंच ऐकलं न्हाई.” सर परतीच्या टेम्पोत भोर येईपर्यंत गुणगुणत होते.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या छातीत दुखू लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली. दुसऱ्यांनीही तेच. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, रोज मागे लागायच्या, “चला, करून टाकू.” सर तिसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि ऑपरेशन करू का, हे विचारलंच नाही. थोडे दिवस गोळ्यांवर काढले तर चालेल का, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस काढा, पण लांबवू नका. सरांनी पहिला अर्धा भाग घरी आणला.

“सर, प्रश्न बदललात,” मी म्हणालो. मला वाटलं, चिडतील.

“नाटकातल्या माणसाला अक्कल नसते असं तुला वाटत होतं काय?” ते म्हणाले. “सगळं कळतं रे. मला भीती वाटते, बास. काकूला हे सांगू नकोस.” मी कबूल केलं.

त्या हिवाळ्यात पुण्याला नेताना वाटेतच ते गेले. मला आजही त्यांचा राग येतो, आणि राग ओसरला की आठवण येते.

शोकसभेत नियतीने क्रूर घाला घातल्याचं प्रत्येकाने सांगितलं. सर असते तर उठून गेले असते. घरी भेटायला येणाऱ्यांची वाटणी आणखी वेगळी. “काकू, तुम्ही जरा हट्टच धरायला हवा होता,” असं सांगून, चहा पिऊन माणसं निघून जात. काकू मान हलवायच्या. जेवण सुटलं होतं, डोळ्यांत पाणी मात्र नव्हतं. एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “मीच कमी पडले का रे?”

सरांना दिलेला शब्द मी मोडला. “नाही काकू. तुम्ही रोज सांगत होता, ते रोज ऐकत होते. त्यांना सगळं कळत होतं. त्यांना भीती वाटत होती, आणि त्यांनी ठरवलं. तुमच्याकडे त्यातलं काही येत नाही.”

काकू पदर तोंडाशी नेऊन इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या.

“मग मला सांगायला काय झालं होतं त्यांना, भीती वाटते म्हणून?” त्या म्हणाल्या. “मी बसले असते की शेजारी.”