‘क’च्या पायऱ्या

माझी मुलगी पाच वर्षांची झाली तरी तिला क आणि ग म्हणता येत नव्हते. काऊचा ताऊ व्हायचा, गाय म्हणजे दाय. घरात आम्हाला सगळं कळायचं, त्यामुळे सुरुवातीला गंमतच वाटली. पण बालवाडीतली मुलं हसायला लागली आणि ती तिथं तोंडच उघडेना. कान तपासले, ते ठीक होते. मग घाटकोपरच्या एका दवाखान्यात बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंकडे तिला न्यायचं ठरलं.

मी आणि नवरा, दोघंही नोकरीवर. मुलुंडहून बसने तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्या सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. ते मूळचे मालवणकडचे. उमेदीची सगळी वर्षं परळच्या गिरणीत गेली आणि गिरणी बंद पडल्यावर आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. आमच्याशी ते मुंबईची मराठी बोलत, नातीशी मात्र फक्त मालवणी. ‘खंय गेललंस गो? माका सांग.’ ती उत्तर द्यायची, ‘माता ठावत नाय.’ आणि दोघंही हसत सुटायची.

बाई प्रत्येक वेळी एका चिठ्ठीवर त्या दिवशी काय केलं, घरी काय करायचं ते लिहून द्यायच्या. घरी केलेला सराव आबा त्याच चिठ्ठीच्या मागे लिहीत. चिठ्ठ्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत साठत गेल्या. मी कामावरून येईपर्यंत सगळं आटपलेलं असायचं, म्हणून मी ती पिशवी कधी उघडली नाही.

काही महिने गेले. फरक दिसेना. उलट सरावाची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. एक दिवस बाईंनी निरोप धाडला, आईने सगळे कागद घेऊन यावं. मी अर्धी रजा टाकून गेले.

बाई वयाने लहान होत्या, पण बोलणं नेमकं. म्हणाल्या, “या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे आहेत, त्यावरून काही कळत नाही. घरी बसून चार भाग करा. आपल्याला काय साधायचंय ते एका भागात. त्यासाठी इथे कोणते व्यायाम झाले ते दुसऱ्यात. घरी काय केलं ते तिसऱ्यात. आणि चौथ्यात, ती कुठल्या पायरीवर आहे ते.”

“पायरी म्हणजे?”

त्यांनी एका कागदावर खालून वर लिहून दाखवलं. आधी नुसतं ऐकून ओळखणं: कार आणि तार, गार आणि दार, यातलं कुठलं म्हटलं ते चित्रावर बोट ठेवून दाखवायचं. मग सुटा क. त्यासाठी जिभेचं टोक चमच्याच्या दांड्याने हलकेच खाली धरायचं, म्हणजे जीभ मागून उचलली जाते. मग का, की, कू, आक. मग शब्द, मग दोन-तीन शब्द एकत्र, मग वाक्य, आणि सगळ्यात शेवटी रोजच्या गप्पा. बहुतेक वेळा मदतीशिवाय बरोबर आलं तरच वरची पायरी.

“आणि घरी नवीन काही नाही,” त्या म्हणाल्या. “इथे जमलं तेच घरी. थोडा वेळ, खेळता खेळता. एरवी बोलताना चूक काढायची नाही.”

रविवारी दुपारी मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून चिठ्ठ्या वेगळ्या करायला बसले. नवरा वाचून दाखवत होता, मी लावत होते. आबा खिडकीपाशी बसले होते. नात त्यांच्या मांडीला टेकून झोपली होती.

दवाखान्याचा भाग वहीत उतरवून झाला, त्यात ती का, की, कूवर होती. तेही कधी यायचं, कधी नाही. मग चिठ्ठ्या उलटून घरच्या सरावाच्या बाजू मी त्याच क्रमाने शेजारी मांडल्या. नवरा वाचता वाचता थांबला. आबांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: काळी गाय गवत खाते, दहा वेळा म्हणवून घेतलं. काका गावाक गेलो, चुकली, परत म्हणवलं. जेवताना चुकली, तिथेच थांबवून सुधारलं.

तिकडे ती तिसऱ्या पायरीवर चाचपडत होती, आणि घरी आम्ही तिला थेट वाक्यांवर चढवत होतो. रोज. म्हणजे रोज ती नापास होत होती.

आबांनी ते दोन भाग शेजारी शेजारी पाहिले होते. ते वाकले, आपल्या अक्षरातली एक चिठ्ठी उचलून लांब धरून वाचली.

“माका वाटला, जास्ती केला तर लवकर येतला,” ते म्हणाले.

“आबा, तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नव्हतं,” मी म्हटलं.

“चिठ्येर लिवलेला होता मा. मीच पुढे पळालंय.” चिठ्ठी खाली ठेवून म्हणाले, “आता तूच घे तिचा.”

मी घेतलं. सकाळी वेणी घालताना का, की, कू; संध्याकाळी भाजी निवडताना चित्रांचा खेळ. पोटदुखी थांबली. पावसाळा संपेपर्यंत ती शब्दांवर आली: काकडी, नाक, काका. मी प्रत्येक पायरीपुढे खूण करत होते आणि खरं सांगायचं तर मला फार आनंद होत होता. आबा नातीशी गप्प गप्प झालेत हे दिसत होतं, पण त्यांना वाईट वाटलंय, जाईल हळूहळू, असं मी धरून चालले.

शब्दांच्या पायरीला बाईंनी विचारलं, “घरात रोज कानावर पडणारे क-चे शब्द कोणते? आजोबा काय बोलतात?”

मी माका, तुका, आमका सांगितलं. मग मी म्हणाले, “पण हल्ली ते तिच्याशी फारसं बोलत नाहीत. आपल्यामुळे बिघडेल म्हणून भितात.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “बोलण्याने काहीच बिघडत नाही. म्हणवून घेऊ नका, एवढंच. त्यांना म्हणावं भरपूर बोला. नाहीतर एकदा इकडे घेऊन या, मी सांगते.”

मी घरी येऊन आबांना सांगितलं. कुकरची शिट्टी होत होती, नवऱ्याला भूक लागली होती, तेवढ्यात सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना दवाखान्यात नेणं मात्र राहून गेलं. रजा शिल्लक नव्हत्या, आणि मुलगी तर छान पुढे जात होती.

आबा नातीशी बोलू लागले, नाही असं नाही. पण जपून, शाळेच्या पुस्तकासारखं. “तू जेवलीस का?” “तुला काय हवं आहे?” एकेक शब्द आधी तपासून घेतल्यासारखा. ती एकदा हसून म्हणाली, “आबा, असं काय बोलता?” त्यांनी नुसतं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या उन्हाळ्यात ते गावी गेले आणि तिथेच राहिले.

मुलगी सगळ्या पायऱ्या चढली. बाईंनी शेवटच्या दिवशी तिला एक गोष्ट सांगायला लावली, आणि तिने कावळा, कोल्हा, गाढव सगळं खणखणीत म्हटलं. आज ती भरभर बोलते. कोणाला सांगून खरं वाटत नाही.

आबा गेले तेव्हा ती शाळेच्या वरच्या वर्गात होती. आम्ही गावी पोचलो. ओसरीवर आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या, आबांच्या आठवणी काढून रडत होत्या. एका म्हाताऱ्या बाईने तिला जवळ ओढलं, गालावरून हात फिरवत बराच वेळ मालवणीत काहीबाही सांगितलं. मुलगी सगळं ऐकून घेत होती, मान डोलवत होती. मग माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, “आई, या काय म्हणतायत?”

मी तिला मराठीत सांगितलं, की तुझे आबा रोज तुझ्याविषयी बोलायचे.