'वेळेत' म्हणजे कधी

नव्वदच्या दशकात मी ठाण्यात वर्तकनगरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. प्रोग्रॅमने काय काय करायला हवं, ते लिहून काढणं माझं काम. माझ्या कागदावरून एकजण प्रोग्रॅम लिहायचा आणि एक मुलगी तो तपासायची.

कल्याणच्या एका रक्तपेढीसाठी रक्ताच्या पिशव्यांची नोंद ठेवायची होती. मी लिहिलं, 'मुदत संपलेली पिशवी देता येऊ नये, आणि संपत आली की वेळेत सूचना यावी.' लिहिताना ते वाक्य मला चांगलं नेटकं वाटलं होतं.

प्रोग्रॅमवाल्याने मुदतीच्या तारखेलाच पिशवी अडवली. तपासणारीने त्या दिवशी ती देता यायला हवी असं धरलं आणि चूक नोंदवली. तो म्हणाला, चूक नाहीच. 'वेळेत' म्हणजे त्याच्या लेखी तीन दिवस आधी, तिच्या लेखी सात. दोन आठवडे हेच. शेवटी साहेबांनी सगळ्यांसमोर तिलाच झापलं, की तुला तपासायला ठेवलंय, वाद घालायला नाही.

ती कळव्याच्या कोळीवाड्यातली, रडणाऱ्यातली नव्हे. माझ्या टेबलावर कागद ठेवून म्हणाली, "ताई, वेळेत म्हणजे कधी, ते यात कुठं लिवलंय? दाखव, मी तेच तपासते."

दाखवायला काहीच नव्हतं. मला साहेबांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा. रक्तपेढीत मी कधी गेलेच नव्हते. साहेबांनी फोनवर जे ऐकलं, तेवढ्यावरच लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी न विचारता कल्याणला गेले. तिथला तंत्रज्ञ आधी माझ्यावरच उखडला. इतके दिवस कुणी विचारायला आलं नाही म्हणाला. मग त्याने पिशवीवरचं लेबल दाखवलं. लिहिलेल्या तारखेच्या रात्री बारापर्यंत पिशवी चालते, आणि सूचना त्यांना पाच दिवस आधी हवी होती. म्हणजे पिशवीच्या बाबतीत ती बरोबर होती, सूचनेच्या बाबतीत दोघंही चूक.

परत येऊन त्या एका वाक्याची दोन केली, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि खाली उदाहरण लिहिलं : मुदत दहा तारीख असेल, तर दहाला पिशवी देता येईल, अकरापासून कुणालाही नाही, सूचनेच्या यादीत ती पाच तारखेपासून दिसेल. 'वेळेत', 'लवकर', 'शक्यतो' हे शब्द सगळीकडून काढले. मग दोघांना समोरासमोर बसवून ओळ न् ओळ वाचून घेतली. एका ओळीचे दोघांनी दोन अर्थ सांगितले, की ती मी तिथंच बदलायचे.

साहेब म्हणाले, उदाहरणांनी कागद फुगतोय, काढून टाक.

मी म्हटलं, "काढते. पण पुढच्या वेळी झापायचं असेल तर तिला नाही, मला झापा. सगळ्यांसमोर."

त्यांनी उदाहरणांसकट कागदावर सही केली. त्यानंतर तारखेवरून एकही भांडण झालं नाही. साहेबांनी तिची माफी मात्र मागितली नाही. वर्षभरात तिने नोकरी सोडली, आणि त्याचा राग मला आजही येतो.