जोडपत्रातली मी

सातवा महिना लागला तेव्हा आमच्या खरवईच्या बिल्डिंगमध्ये नळाला वास यायला लागला. आधी वाटलं माझंच नाक. त्या दिवसांत मला शेजारच्या फोडणीचाही वास सहन व्हायचा नाही. पण मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना कावीळ झाली, पाठोपाठ त्यांच्या सुनेला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, गरोदरपणात ही कावीळ म्हणजे खेळ नाही. आईच्याही जिवावर बेतू शकतं. पाणी सांभाळ." घरी आल्या आल्या मी पाणी उकळायला ठेवलं.

नवरा म्हणाला, "पालिकेच्या पोर्टलवर तक्रार टाक, आजकाल लगेच दखल घेतात," आणि शिफ्टला निघून गेला. म्हणजे झालंच काम! टाकणार कोण? मी. सांगणार कोण? सासरे. आमचे बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून मेंटेनन्सचे ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. अर्ज म्हटला की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी आधी कागदावर मजकूर लिहिला, पाठपोट, समासासकट.

मी फोनवर टाईप करायला बसले. "महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती करण्यात येते की" इथपर्यंत आले आणि खाली बघते तर उरलेली अक्षरं सरासरा कमी होत चाललेली. मर्यादा हजाराची. मला वाटलं होतं हजार म्हणजे ढीग झाली. पण ते बेणं काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजत होतं, मधली मोकळी जागासुद्धा.

"बाबा, नम्र विनंती काढू?"

"अगं, विनंती काढली तर उरलं काय? भांडण?"

विनंती राहिली. अवतरणचिन्हं मात्र काढावी लागली, कारण पोर्टलला ती चालेनात. लाल अक्षरांत काहीतरी यायचं आणि सगळं अडायचं. मी दर वेळी घाबरून सासूबाईंकडे बघायची, जसा काही त्यांना इलाज माहीत होता.

मग आला प्रकार निवडायचा रकाना. पाणीपुरवठ्याखाली तीन पर्याय: कमी दाब, गळती, दूषित पाणी. मी दूषितवर बोट नेलं तर बाबा म्हणाले, "थांब. दूषित हा परिणाम झाला. मूळ कारण काय?"

"मला काय माहीत मूळ कारण?"

"कमी दाब! लाईनीत दाब कमी झाला की फुटक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. पाईप नाल्यातून गेलाय आपला. कारखान्यात आम्ही कधी परिणामाची तक्रार लिहिली नाही. कारण लिहायचं, म्हणजे तेच दुरुस्त होतं."

बोलणं पटण्यासारखं होतं हो. आजही चुकीचं म्हणता येत नाही. म्हणून तर माझा गोंधळ उडाला. मी कमी दाब निवडलं.

मग हजार अक्षरांत कमी दाबाचा सगळा इतिहास बसला: बिल्डिंगला कनेक्शन मिळालं तेव्हापासून, मग समोरची नवीन बिल्डिंग झाली, मग पाण्याची वेळ बदलली. गटाराचा वास यायच्या आधीच जागा संपली. मी म्हटलं, "बाबा, वास राहिला, कावीळ राहिली, मी राहिले!"

"ते सगळं जोडपत्रात. शेवटी लिही, सविस्तर माहिती सोबत जोडली आहे."

"आणि ती मी गरोदर असल्याची ओळ?"

सासूबाई इतका वेळ मेथी निवडत होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "ती तर जोडपत्रातच बरी गं. कुठल्या कुठल्या ऑफिसातल्या परक्या माणसांना कशाला सांगायचं?"

जोडपत्र एकच चालत होतं, तेही ठरलेल्या साइजच्या आतलं. बादलीतल्या काळपट पाण्याचे फोटो, काकांचा रिपोर्ट, शेजाऱ्यांच्या सह्या आणि बाबांचं पत्र, सगळ्याची मिळून एक पीडीएफ केली. ती जड झाली. फोटो बारीक केले. इतके बारीक की काळं पाणी चहासारखं दिसायला लागलं. तक्रारदार म्हणून बाबांचं नाव घातलं आणि सबमिट केलं. नोंदणी क्रमांक आला तेव्हा बाबांनी आता पेढा मिळायला हवा असं तोंड केलं.

आठवड्याभरात पालिकेचा माणूस आलाही. खालच्या नळाला दाब मोजायचं यंत्र लावलं, काटा बघितला आणि गेला. मी जिन्यातून ओरडले, "अहो, वास बघा ना!" तो म्हणाला, "ताई, आपल्याकडे कमी दाबाची कम्प्लेंट आहे." संध्याकाळी मेसेज: पाण्याचा दाब तपासला, समाधानकारक आढळला, तक्रार निकाली.

मी तो मेसेज चार वेळा वाचला. निकाली म्हणजे काय? कोणाचा निकाल? जोडपत्र त्यांनी उघडलं की नाही? की उघडलं आणि तरीही? बाबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण दाबाचा मुद्दा बरोबर होता..." आणि मला एकदम रडूच कोसळलं. रागाने, भीतीने, कशाने ते कळेना. कोण चुकलंय तेच सापडत नव्हतं, मग चिडायचं कोणावर?

जुनी तक्रार पुन्हा उघडेना. सकाळी कोणालाही न विचारता मी नवीन केली. प्रकार: दूषित पाणी. तक्रारदार: मी. महोदय नाही, विनंती नाही. "मी सात महिन्यांची गरोदर आहे. नळाला गटाराचं पाणी येतं. बिल्डिंगमध्ये दोघांना कावीळ झाली आहे. आमचा पाईप नाल्यातून जातो, तो तपासा." पत्ता लिहिला. जोडपत्र म्हणून एकच फोटो, बादलीचा, मोठाच. खाली अक्षरं उरली होती कितीतरी. इतकी रिकामी जागा बघून काहीतरी विसरलंय असंच वाटत राहिलं.

दुपारी फोन आला. पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न: "ताई, तुम्ही ते पाणी पिताय का?"

"नाही नाही, उकळून पिते."

"दात घासायला? चूळ भरायला?"

घरात उकळलेल्या पाण्याचं पिंप होतं, भांड्यांवर झाकणं होती, सगळं होतं. आणि रोज सकाळी मी बेसिनच्या नळाखाली तोंड धरत होते. हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"आजपासून बंद," ते म्हणाले. "आणि उद्या रक्त तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी नाल्याजवळ खोदलं तेव्हा सांधा फुटलेलाच निघाला. मी आणि बाबा तेव्हा लॅबमध्ये होतो. संध्याकाळी रिपोर्ट आला. काही नव्हतं. मी लॅबच्या बाकावर बसून देवाचे, डॉक्टरीणबाईंचे, सगळ्यांचे आभार मानले. बाबांनी रिपोर्ट दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तू काय लिहिलं होतंस, दाखव."

मी फोन दिला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. वाचायला किती वेळ लागणार, चार वाक्यं. पण फोन परत देईनात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढं तर पहिल्या वेळीही बसलं असतं गं."