सुईणींच्या शिबिराची दुसरी सकाळ

वडनेरकडच्या एका गावात सुईणींचं दोन दिवसांचं शिबिर ठरलं आणि कार्यक्रम लावायचं काम माझ्यावर, म्हणजे नव्या ग्रामसेविकेवर आलं. सोबतीला दवाखान्यातली नर्सबाई होती. तिचा जीव एकाच सत्रात अडकला होता: नाळ कापण्याच्या. तिच्या बहिणीचं पहिलं बाळ धनुर्वातानं गेलं होतं. त्या बाळाची नाळ विळ्यानं कापणारी म्हातारी सुईण या शिबिराला येणार होती, आणि बहिणीला पुन्हा दिवस गेले होते.

उद्घाटन झालं की लगेच हेच घेऊ, असं तिचं म्हणणं. मला पटेना. पहिल्या सकाळी निम्म्या बाया वाटेवरच असणार, आलेल्या एकमेकींची लुगडी न्याहाळणार. जेवणानंतर साक्षात ब्रह्मदेव उतरला तरी पेंगणार. दुसऱ्या दुपारी मन घरच्या गाईम्हशींत. उरली दुसरी सकाळ. तालुक्याच्या साहेबांनाही भाषणासाठी नेमकी तीच हवी होती. गोड बोलून मी त्यांना दुपारी ढकललं, आणि भाषणाच्या वेळी कोण जागं राहील याची मुळीच फिकीर केली नाही.

पहिला दिवस आठवतो तो झोपेतून पाहिल्यासारखा. सकाळी जिच्या तिच्या बाळंतपणाच्या गोष्टी. मग वरण-भाकरीची पंगत. नंतर निंबाखाली सगळ्या आडव्या झाल्या. मी तो तास मोकळाच ठेवला होता. वाऱ्यावर कुठूनसा कापूस तरंगत येई, कुणाच्या केसांत अडके. उन्हं कलल्यावर हात धुण्याचा खेळ, साबणाचा फेस, हसणं. कुणी जात्यावरची ओवी म्हटली. मला वाटलं, हा दिवस संपूच नये. नर्सबाईची नजर मात्र म्हातारीवरून हटत नव्हती.

दुसऱ्या सकाळी चुलीवरच्या पातेल्यात ब्लेडचं पातं आणि दोरा खळखळ उकळत होते. नर्सबाईनं दाखवलं: दोन ठिकाणी घट्ट बांधायचं, मधे कापायचं, वर शेण नाही, राख नाही. थोडं बोलणं, मग छोटी सुट्टी, मग प्रत्येकीच्या हातात चिंधीची बाहुली. कोणी पेंगत नव्हतं.

म्हातारीनं बांधलं नीट, कापलंही नीट. मग बाहुली मांडीवर घेऊन बसली.

"तुया बहिनीच्या वक्ती हे काऊन नाई सांगतलं मले कोनी?" तिनं नर्सबाईला विचारलं. "मीबी रडलो होतो त्या लेकरासाठी."

नर्सबाई इतके महिने तिच्यावर राग धरून होती. ती तिच्याजवळ जमिनीवर बसली. "यंदा मले बलावजो," ती म्हणाली. "आपन दोघी मिळून करू."

पुढच्या सत्राची वेळ होऊन गेली होती. मी कुणाला हाक मारली नाही.