काकांचे नेहमीचे लोक

आमच्या गावच्या कापूस संघटनेचे अध्यक्ष म्हणजे माझे काका. ते पासवर्ड विसरले आणि दिल्लीच्या परिषदेचं तिकीट मेलमध्ये अडकलं. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून मेल कंपनीच्या मदत केंद्राने स्क्रीनवर विचारलेल्या प्रश्नांपुढे मला बसवलं.

"खातं कधी उघडलं?"

"लाल्या आलता त्या वर्षी."

लाल्या रोगाने कपाशी लाल पडली तेव्हा मी नववीत होते. त्यावरून महिना आणि वर्ष अंदाजाने टाकलं.

"मेल साठवायच्या जादा जागेचे पैसे शेवटचे कधी भरले?"

"कापूस विकल्यावर. दिवाळीनंतरचं टाक."

नेहमी कोणाला मेल करता, या प्रश्नावर काका ताठ बसले. "लिही. मंत्री, कलेक्टर, दिल्लीचे संपादक."

मी तसंच लिहिलं. माहिती अपुरी आहे, असं उत्तर आलं.

काकू चहा ठेवत म्हणाली, "ढाणकीच्या माह्या भावाले रोज गणपतीचे फोटो कोण पाठवते?"

"तो काय संपर्क आहे का वं?"

दुसऱ्या खेपेला मी काकूचा भाऊ, तिची बहीण आणि स्वतःचा पत्ता टाकला. खातं उघडलं. तिकीट दुसऱ्याच दिवशीचं होतं.

काका गेले. परिषदेत त्यांची ओळख 'शासनाशी नित्य पत्रव्यवहार असलेले नेते' अशी झाली. ती इंग्रजीत मीच टाइप केली होती, त्यांनी सांगितली तशी.