पंचशीला सिस्टरची तीन टक्क्यांची पॉलिसी

जळकोटच्या सरकारी दवाखान्यात पंचशीला सिस्टर नोकरीला लागली, तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. तो गेल्यावर दोन मुलींना तिने एकट्याने वाढवलं. थोरली नांदेडला शिकत होती, धाकटी अजून शाळेत होती. बाळाच्या कार्डावर लिहिलेली लसीची तारीख चुकवली, तर ती आईला फैलावर घ्यायची. म्हणायची, "कागद वाचत न्हाईत, अन् मंग रडत येतात."

साहेबराव गुरुजी तिच्या नवऱ्याचे मित्र. झेडपीच्या शाळेत शिक्षक आणि विहाराच्या समितीचे अध्यक्ष. विम्याची एजन्सी त्यांच्या बायकोच्या नावावर होती, पण हिंडायचे गुरुजीच. २००९ च्या मे महिन्यात ते फॉर्म घेऊन आले. "ताई, बाजारात पैसा वाढतो अन् विमाबी मिळतो. पोरींसाठी लागतंय." वर्षाला तीस हजार, तीन लाखांचा विमा. पंचशीलाने सही केली. तिची सही पाहून दवाखान्यातल्या आणि विहारातल्या आणखी अकरा बायकांनी सह्या केल्या. त्यांत झाडूकाम करणारी सरजाबाईही होती. तिचा हप्ता दहा हजारांचा.

त्यानंतर सात हप्ते गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेने येऊ लागलं. जळकोटात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. दवाखान्यात सलाइन होती, पण हात धुवायला पाणी नव्हतं. आणि चहाच्या टपरीवर एकच विषय, उदगीर जिल्हा होणार. कुणी म्हणे कागद निघाला, कुणी म्हणे अजून मुंबईत पडलाय.

अशात एका रविवारी सकाळी गुरुजी आले.

"जय भीम, ताई. आनंदाची गोष्ट हाय. तुमचे दोन लाख दहा हजार भरले, त्याचे दोन लाख छत्तीस हजार आठशे झाले. जवळजवळ तेरा टक्के फायदा! आता ही जुनी बंद करून नव्या पॉलिसीत टाकू. जिल्हा झाला की मी उदगीरला ऑफिस काढणार हाय."

"तेरा टक्के?" पंचशीला म्हणाली. "मंग बंद कशाला करायची?"

गुरुजी हसले. "नवी लई चांगली हाय." चहा पिऊन फॉर्म टेबलावर ठेवून ते गेले.

तिला ते वाक्य बोचत राहिलं. तिने लोखंडी कपाट उघडलं. दर वर्षी पोस्टाने येणारी कंपनीची पत्रकं तिथे होती. सात पाकिटं. त्यांतली सहा चिकटवलेलीच होती.

ती जमिनीवर बसली आणि एकेक पाकीट फोडू लागली. पहिल्या वर्षाच्या पत्रकात हप्ता वाटपाचा आकार होता सात हजार पाचशे. म्हणजे तीस हजारांतले साडेबावीसच गुंतवणुकीला लागले होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तीन-तीन हजार, मग दर वर्षी बाराशे. शिवाय दर महिन्याला साठ रुपये प्रशासनाचे, तेवढे युनिट, म्हणजे फंडातले तिचे हिस्से, विकून कापलेले. विम्याचा आकार वेगळा, तोही युनिटमधून. फंड सांभाळण्याचा दीड टक्का मात्र युनिटमध्ये कुठेच दिसत नव्हता, कारण युनिटचा भाव लावण्याआधीच तो काढलेला असायचा. त्याची ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती. ज्या पत्रकात आकडा नव्हता, तिथे तिने सरासरी शिल्लकेवर दीड टक्का धरला.

लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर तिने बेरीज मांडली. वाटप अठरा हजार तीनशे. प्रशासन पाच हजार चाळीस. विमा चार हजार सातशे साठ. फंड सांभाळणं अकरा हजार सहाशे. या सगळ्यांवरचा सेवाकर चार हजार तीनशे. एकूण चव्वेचाळीस हजार. तिने भरलेल्या प्रत्येक शंभरातले एकवीस रुपये.

मग गुरुजींचे तेरा टक्के. ते सात वर्षांचे मिळून होते, वर्षाचे नव्हते. आणि सगळे पैसे काही सात वर्षं आत नव्हते, शेवटचा हप्ता तर वर्षभरच होता. भविष्य निर्वाह निधीच्या चिठ्ठीवर व्याज कसं चढतं, हे तिला ठाऊक होतं. तशीच तिने दर वर्षी तीस हजारांची भर घातली आणि शिल्लक चार टक्क्यांनी वाढवत नेली. दोन लाख शेहेचाळीस हजार आले. जास्त. मग तीन टक्के धरले. तीस हजार नऊशे, बासष्ट हजार सातशे सत्तावीस... सातव्या वर्षाला दोन लाख छत्तीस हजार सातशे सत्तर. पत्रकात दोन लाख छत्तीस हजार आठशे.

तीन टक्के. बँकेचं बचत खातं चार देत होतं.

तेच पैसे पगारातून निधीत वाढवून कापले असते आणि आठच टक्के धरले, तरी दोन लाख एकोणनव्वद हजार झाले असते. त्यासाठी कारकुनाकडे एक अर्ज द्यायचा होता. कारकून तिच्या शेजारच्या खोलीत बसायचा.

विम्याचंही तिने पाहिलं. मेल्यावर विम्याचे तीन लाख किंवा फंड, जे जास्त असेल ते. फंडात तिचेच दोन लाख छत्तीस हजार होते. म्हणजे ती गेली, तर कंपनीच्या खिशातून जाणार त्रेसष्ट हजार.

दुसऱ्या दिवशी ती गुरुजींच्या शाळेत गेली. मधली सुट्टी होती. तिने पान पुढे केलं.

गुरुजींनी ते नीट वाचलं. "हिशोब बरोबर हाय," ते म्हणाले. "पण ताई, कागद दर साली तुमच्या घरी येत होता. मी लपवला का?"

"तुम्ही तेरा टक्के म्हणालात."

"कंपनीनं शिकवलं तसं म्हणलं."

"नव्या पॉलिसीत पहिल्या साली किती कापतात?"

गुरुजींनी पान परत दिलं आणि ते घंटा द्यायला उठले.

त्या संध्याकाळी तिने सरजाबाईला गाठलं. "तुझी पॉलिसी कशी हाय?"

"ती कवाच गेली, सिस्टर. दोन साल भरले वीस हजार. मंग सहा महिने पगार न्हाई झाला, हप्ता चुकला. बंद पडली. हातात सात हजार चारशे आले."

"मला सांगितलं का न्हाईस?"

सरजाबाई झाडू भिंतीला टेकवत म्हणाली, "तुमी बी भरलीच होती की. मला वाटलं माझंच नशीब खोटं."

त्या रात्री पंचशीलाने त्याच पानावर सरजाबाईचा हिशोब लिहिला. साडेबारा हजारांच्या वर पैसे, त्या बाईचे, तिच्या सहीमागून गेलेले.

पाच वर्षं उलटल्याने मोडायला दंड नव्हता. गेल्या एका वर्षाचेच साडेसहा हजार कापले गेले होते, पुढेही दर वर्षी तसेच जाणार होते. गेलेले चव्वेचाळीस हजार परत येणार नाहीत, पण पुढचे तरी वाचतील, एवढाच विचार करून तिने लातूरला कंपनीच्या ऑफिसात जाऊन पॉलिसी मोडण्याचा अर्ज दिला. खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, दहा वर्षं ठेवली असती तर..." ती म्हणाली, "सही कुठं करू?"

मग तिने विहारात बायकांना बसवून एकेकीचं पत्रक मांडून दाखवलं. दोघींनी पॉलिसी मोडली. कस्तुराबाई ही तिची जुनी मैत्रीण. ती म्हणाली, "गुरुजींनी माझ्या पोराला शाळेत घालून दिलं, मी त्यांचं मन कसं मोडू?" आणि तिने नव्या पॉलिसीवर सही केली. गुरुजी सांगत फिरले, की सिस्टरला स्वतःच एजन्सी घ्यायची आहे. पुढच्या बुद्धपौर्णिमेला समितीच्या बैठकीचा निरोप तिला आला नाही.

सरजाबाईला तिने साडेबारा हजार देऊ केले. सरजाबाईने घेतले नाहीत. म्हणाली, "तुमी काय खाल्ले थोडेच?" पण त्यानंतर सरजाबाई तिच्या टेबलाजवळ चहाला थांबेनाशी झाली. पंचशीलाने निधीची कपात वाढवण्याचा अर्ज दिला. कारकुनाने विचारलं, "एवढ्या उशिरा कसं सुचलं, सिस्टर?" तिने अर्जाची पोच मागून घेतली. बाहेर ओपीडीला रांग लागली होती.