उभ्या रेघेचे दोन गुण

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते माझ्या गणिताच्या प्राध्यापकांचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे. आणि त्यांनी माझ्यावर दया केली नाही म्हणून.

गोंदियाच्या कॉलेजात तेव्हा चाचणी परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यालाच विद्यापीठाच्या परीक्षेला बसू देत. गणितात मला दोन गुण कमी पडले. वर्ष गेले असते तर घरून पुन्हा पाठवणे होणार नव्हते, हे बाबांनी आधीच सांगून ठेवले होते.

सरांनी पेपर परत दिले तेव्हा पाहिले. एका अनंत श्रेणीचा अभिसरणाचा प्रदेश काढायचा होता, म्हणजे z च्या कोणत्या किमतींना त्या श्रेणीच्या बेरजेला निश्चित किंमत मिळते, ते दाखवायचे होते. मी आकृती काढून उभ्या अक्षाची उजवी बाजू छायांकित केली होती आणि अक्षाची रेघही ठळक करून 'रेघेसह' असे लिहिले होते. सरांनी त्या रेघेवर लाल फुली मारून सहापैकी तीन गुण कापले होते.

सुट्टीत तिरोड्याजवळच्या आमच्या गावी गेलो. बाबा बांधावर बसले होते.

"काऊन रे, जेवला नाईस?"

"मार्क कापले, बाबा. माह्यं उत्तर बरोबर हाय."

"मंग सायबाले सांग ना."

"ते तोंडी ऐकत नाईत. लिहून द्या म्हणतात."

"लिहाचं हाय तं तू कायले लिहितो? अर्जनवीस कायले बसून राहिला तिथं?"

कचेरीतल्या कागदाचे काम तहसिलीबाहेरच्या अर्जनविसाचे, ही आमच्याकडची पक्की रीत. दुसऱ्या दिवशी बाबा मला त्याच्या चटईसमोर घेऊन गेले.

"हाकिम कोन?" त्याने टाक बुडवत विचारले.

"प्रोफेसर."

"तहसीलदारापेक्षा मोठा का लहान?"

मी बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "मोठाच लिहा. कमी नोको पडो."

गोंदियाला परतल्यावर तो अर्ज सरांच्या हाती दिला. सर उभ्यानेच वाचू लागले. "गरीबपरवर हुजूर, अर्जदार लाचार व बालबच्चेदार..." ते थांबले. "लग्न झालं तुझं?"

"नाही, सर. ते अर्जनविसानं घातलं."

"आणि मी तहसीलदार कधी झालो? जमिनीचा तंटा आहे का हा?"

भीतीत माझ्या तोंडून निघून गेले, "हद्दीचाच आहे, सर."

सर मोठ्याने हसले. मग कागद माझ्या हातात परत ठेवून म्हणाले, "यात गरिबी चार वेळा आली. श्रेणी एकदाही नाही. रेघ तुझी असेल तर सिद्ध कर. उद्या आण."

त्या दिवशी मी खोलीवर बसून स्वतः पत्र लिहिले. दुसऱ्या दिवशी सरांनी ते माझ्यासमोर वाचले, प्रश्नपत्रिका काढून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "गेल्या वर्षीच्या प्रश्नात छेदात n² नव्हता. तिथं रेघ बाहेरच राहते. माझा हात तसाच चालला." त्यांनी दोन गुण वाढवले. तिसऱ्यासाठी मी थांबलो, तर म्हणाले, "कारण आज लिहिलंस, पेपरात नाही. तो एक माझ्याकडे राहू दे." मी नेमका उत्तीर्ण झालो.

त्या पत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे राहिला तो असा:

"आदरणीय सर, सादर प्रणाम.

प्रश्नातील श्रेणीचे n वे पद ((z−1)/(z+1))ⁿ भागिले n² असे आहे. कंसातील संख्येचा मापांक म्हणजे z चे 1 पासूनचे अंतर भागिले −1 पासूनचे अंतर.

उभ्या अक्षाच्या उजवीकडे z हा 1 ला अधिक जवळ असतो, म्हणून हा मापांक एकाहून लहान, आणि श्रेणी अभिसारी. डावीकडे तो एकाहून मोठा. तेथे पदे वाढत जातात, म्हणून अभिसरण नाही. z = −1 येथे तर पदालाच अर्थ नाही.

प्रत्यक्ष अक्षावर दोन्ही अंतरे समान, म्हणून मापांक बरोबर एक. तेथे प्रत्येक पदाचा मापांक 1/n² होतो, आणि 1/n² ची श्रेणी अभिसारी आहे. म्हणून अक्ष प्रदेशात येतो. रेघ मी चुकून ठळक केली नव्हती. मात्र हे कारण मी पेपरात लिहिले नाही, हेही खरे.

कृपया हे उत्तर पुन्हा तपासावे. पहिल्या अर्जात घरच्या परिस्थितीविषयी जे आले, ते मुलाबाळांखेरीज खरे आहे. पण त्याचा या श्रेणीशी संबंध नाही. ते धरू नये.

आपला विद्यार्थी"